अ ब ब क

कवितेचे पुस्तक उघडले की माझा हात पेन्सिल शोधू लागतो. ओळ संपते तिथे, समासाच्या कोऱ्या पट्टीत, मी बारीक अक्षरे काढत जाते. पहिल्या ओळीला अ. दुसरी ओळ पहिलीशी जुळली तर तिलाही अ, नाही जुळली तर ब. तिसरी या दोघींपैकी जिच्याशी जुळेल तिचे अक्षर घेते, कुणाशीच जुळली नाही तर क. चार ओळींचे कडवे असले की चार अक्षरे झाली. पान संपेपर्यंत समासात अक्षरांची एक उभी रांग तयार होते. कवितेत काय म्हटले आहे, याचा त्या रांगेला पत्ता नसतो. कोणता आवाज कुठे परत आला आणि कोणता परत आलाच नाही, एवढेच तिला ठाऊक असते. पण एवढ्याशा नोंदीतून कवितेच्या पोटातले बरेच काही बाहेर येते, आणि ते मला अजूनही नवल वाटायला लावते.

ही सवय मला शाळेत इंग्रजीच्या बाईंनी लावली. त्या फळ्यावर कविता लिहीत आणि प्रत्येक ओळीपुढे रंगीत खडूने अक्षर काढत. अ अ ब ब, अ ब अ ब, अ ब क ब अशी नावे आम्हाला पाढ्यांसारखी पाठ झाली होती. मराठीच्या तासाला मात्र कुणी असे करत नसे. तिथे वृत्त ओळखायचे, गण पाडायचे, मात्रा मोजायच्या. यमक हे आपले असतेच, ते काय पाहायचे, असा एकूण समज. त्यामुळे अभंगाच्या पुढे पहिल्यांदा अ ब क लिहिले ते फार पुढे, हातात गाथा आणि खिडकीबाहेर पाऊस असताना, दुसरे काही करण्याजोगे नव्हते म्हणून.

आणि पहिल्याच कडव्याला रांग अडली. गाथेत अभंगाचे कडवे दोन ओळींत छापलेले असते. पहिल्या ओळीचा शेवट एका आवाजावर, दुसरीचा भलत्याच. पुढचे कडवे, तेही तसेच. ओळींच्या शेवटाकडे पाहून अक्षरे लावली तर अ ब, क ड, इ फ अशी न जुळणारी रांग पडत जाते, आणि ज्या अभंगाची गोडी कानाला लहानपणापासून ठाऊक आहे तो मुक्तछंदात असल्यासारखा दिसू लागतो. कान सांगत होता की इथे यमक आहे. डोळ्याला ते सापडत नव्हते.

ते ओळीच्या मध्ये होते. मोठ्या अभंगाचे कडवे छापताना दोन ओळींचे दिसले तरी ते चार चरणांचे असते. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक जुळते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे. दुसरा चरण पहिल्या छापील ओळीच्या शेवटी येतो आणि तिसरा दुसऱ्या ओळीच्या मध्यावर संपतो, म्हणून एक जुळणारा शब्द ओळीच्या टोकाला आणि दुसरा ओळीच्या पोटात. छापखान्याने कागद वाचवला, पण यमक झाकले गेले. चारही चरण एकाखाली एक लिहून काढले की रांग लगेच स्वच्छ होते: अ ब ब क. तेव्हापासून माझा एक नियम आहे. अक्षर लावण्याआधी ओळ कुठे संपते ते कानाने ठरवायचे. छापलेली ओळ ही जुळणाऱ्याची सोय असते.

नामदेवांच्या नावावर एक अभंग आहे, ज्यात अभंगाचे मापच सांगितले आहे. साडेतीन चरण, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत अठरा अक्षरे, असा त्यात हिशेब येतो. चौथ्याला तिथे अर्धा म्हटले आहे, आणि हा अर्धा शब्द मला फार आवडतो. ज्ञानेश्वरीची ओवीही साडेतीन चरणांचीच म्हणून ओळखली जाते. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, हा तिचा काळ. ओवीत पहिले तीन चरण एकमेकांशी जुळतात आणि चौथा, आखूड, न जुळता राहतो. समासात लिहायचे तर अ अ अ ब. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्या सगळ्यांच्या शेवटी हे एकटे ब. इंग्रजी शाळेच्या सवयीने पाहिले तर प्रत्येक ओवी शेवटी मोडते. पण नऊ हजार वेळा एकाच जागी मोडते त्याला मोडणे म्हणता येत नाही. तीच तिची घडण आहे.

मोडलेली जागा कुठली, हे मग कसे ओळखायचे? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की दोन कडवी सारखी झाल्याशिवाय तिसऱ्या कडव्यातल्या कशालाही मोड म्हणायचे नाही. आधी वीण दिसली पाहिजे, मग धागा सुटलेला कळतो. ज्ञानेश्वरीत चौथा चरण जुळला असता तर तिथे पेन्सिल थांबवायला हवी होती. ओवीतला न जुळणारा चौथा चरण ही तिची वीणच आहे.

चौथा चरण एकटा का ठेवतात, हे नुसते वाचून कळत नाही. जुळवून पाहावे लागते. त्यासाठी मी स्वतःच चार चरण जोडले. कविता म्हणून त्यांना काही मोल नाही, फक्त मापात आहेत:

पावसाची सर
अंगणात आली
ओलीचिंब झाली
वाळवणे

सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक 'आली'वर. सर, आली, झाली, वाळवणे. अ ब ब क. आता फक्त चौथा चरण बदलते. वाळवणांच्या जागी 'शाल खाली' ठेवते. अक्षरे पुन्हा चारच, व्याकरणही चालते, आणि रांग होते अ ब ब ब. हे मोठ्याने म्हणून पाहावे. आली, झाली, खाली. तिसऱ्या 'ली'ला कडवे खटकन बंद होते. त्यापुढे काही यायला हवे असे वाटतच नाही, आणि आलेच तर ते पहिल्यापासून सुरू करावे लागते. उलट 'वाळवणे' म्हटले की तोंड उघडेच राहते. जुळणी एका चरणापूर्वीच होऊन गेलेली असते, आवाजाचे समाधान मिळून चुकलेले असते, आणि तरी वाक्य मात्र अजून पुरे व्हायचे असते. काय ओलेचिंब झाले, ते शेवटच्या चार अक्षरांतच कळते. यमक एका जागी पुरे होते आणि अर्थ दुसऱ्या जागी, आणि मधल्या त्या अंतरामुळे कडवे पुढच्या कडव्याकडे झुकते. कीर्तनात, भजनात, एकामागून एक कडवी यायची असतात. दर कडव्याला कुलूप लागले तर चालायचे कसे?

शेजारी आणखी एक रांग ठेवली की हा फरक अधिक स्पष्ट होतो. टेनिसनने मित्र आर्थर हॅलम याच्या मृत्यूवर लिहिलेली 'इन मेमोरियम' ही दीर्घ कविता १८५० साली प्रसिद्ध झाली. हॅलम वारला १८३३ साली. मधली इतकी वर्षे ती कविता तुकड्यातुकड्याने लिहिली जात होती. तिचे प्रत्येक कडवे चार ओळींचे आणि प्रत्येकाची रांग अ ब ब अ. मधल्या दोन ओळी जुळतात, अगदी अभंगासारख्या. पण चौथी ओळ वळून पहिलीकडे परत जाते. पहिल्या ओळीचा आवाज मधल्या दोन ओळींत जवळजवळ विसरला गेलेला असतो, तो शेवटी क्षीणपणे परत येतो, आणि कडवे स्वतःभोवती मिटते. असे शेकडो वेळा. सतरा वर्षे एकाच मृत्यूभोवती फिरणाऱ्या मनाला याहून योग्य कडवे सापडले नसते. अ ब ब अ आणि अ ब ब क यांत एका अक्षराचा फरक आहे. एका रांगेत शेवटची ओळ माघारी फिरते, दुसरीत ती पुढे निघून जाते. शोक करणाऱ्याला माघारी फिरायचे असते. वारकऱ्याला पुढे चालायचे असते.

रुबाईत एकटी पडते ती तिसरी ओळ. अ अ ब अ. फार्सीत चारही ओळी जुळलेल्या रुबायाही आहेत, पण आपल्या कानाला ओळखीची झाली ती ही तिसरी सुटी असलेली. फिट्झजेरल्डने १८५९ साली उमर खय्यामच्या रुबाया इंग्रजीत आणल्या तेव्हा हीच रांग राखली. मराठीत माधव जूलियन यांनी खय्याम आणला. ते फार्सीचे अभ्यासक, आणि 'छंदोरचना' लिहून मराठी छंदांचे माप घेणारेही तेच. रुबाई म्हणताना तिसऱ्या ओळीला आवाज वर चढतो. पहिल्या दोन ओळींनी अपेक्षा बांधून दिलेली असते, तिसरी ती पुरी करत नाही, ऐकणारा क्षणभर अधांतरी राहतो, आणि चौथी येऊन त्याला खाली उतरवते. म्हणून रुबाईवर दाद मिळते ती चौथ्या ओळीला, पण ती कमावलेली असते तिसरीने. ओवीत किंवा अभंगात अशी दादेची जागा शोधायला गेले तर सापडत नाही. तिथे अधांतर शेवटीच आहे, आणि उतरवून घेणारे पाऊल पुढच्या कडव्यात पडते.

कडव्यागणिक अक्षरे नव्याने सुरू करायची की सगळ्या कवितेभर एकच माळ चालवायची, हा प्रश्न इथे येतो. दर कडव्याला पुन्हा अ पासून सुरुवात केली की सगळी कडवी सारखी दिसतात आणि काम सोपे होते. पण काही गोष्टी त्यात हरवतात. रॉबर्ट फ्रॉस्टची बर्फाळ संध्याकाळी रानापाशी घोडागाडी थांबवल्याची कविता, १९२३ सालची, चार कडव्यांची. प्रत्येक कडवे वेगळे पाहिले तर पहिली तीन रुबाईसारखी, अ अ ब अ, आणि शेवटचे अ अ अ अ. एवढ्यावरून शेवटचे कडवे जरा वेगळे आहे, इतकेच कळते. माळ सलग चालवली की वेगळेच चित्र उभे राहते: अ अ ब अ, ब ब क ब, क क ड क, ड ड ड ड. पहिल्या कडव्यातली सुटी तिसरी ओळ पुढच्या कडव्यात तीन सोबती मिळवते, आणि तिथली नवी तिसरी पुन्हा एकटी राहते. प्रत्येक कडवे आपल्यातले एक माणूस पुढे पाठवते. शेवटच्या कडव्यात पुढे पाठवायला कुणी उरत नाही. तिथे नुसती जुळणी आहे, आणि शेवटच्या दोन ओळी तर शब्दशः एकच. प्रवासी थांबला आहे तो नेमका कुठे, हे त्या चार ड मधून मला जास्त कळले.

हे कळल्यावर मी अभंगांकडे पुन्हा गेले आणि माळ सलग लावून पाहिली. त्यासाठी निवडला तुकोबांचा, विटेवर उभ्या असलेल्या विठ्ठलाच्या ध्यानाचा, महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येकाला पाठ असलेला अभंग. चार कडवी, सोळा चरण. पहिल्या कडव्यात विटेचा आणि कटीवरच्या हातांचा चरण जुळतो. दुसऱ्यात पीतांबराचा चरण पुढच्याशी. तिसऱ्यात कानांतल्या कुंडलांचा कौस्तुभमण्याशी. चौथ्यात सुख आणि मुख. रांग अशी: अ ब ब क, ड इ इ फ, ग ह ह ज, आणि शेवटी आणखी तीन नवी अक्षरे. एका कडव्यातले कोणतेच अक्षर दुसऱ्या कडव्यात परत येत नाही. पहिला चरण कुणाशी जुळत नाही, चौथा कुणाशी जुळत नाही. सोळातले आठ चरण जोडीने आहेत, आठ एकटे. अगदी अर्धे. इतक्या गोड म्हणून गाजलेल्या रचनेत निम्मे चरण कुणाशी जुळत नाहीत, हे मला समासातल्या अक्षरांनीच सांगितले. कान ते कधी बोलला नव्हता.

इथे जुळणे म्हणजे किती जुळणे, हे ठरवावे लागते. शाळेत शिकवतात ते पक्के यमक: शेवटचे अक्षर सारखे, आणि त्याच्या आधीचा स्वरही सारखा. सुख आणि मुख पक्के. पीतांबर आणि निरंतर यांत शेवटचा 'र' आणि त्याआधीचा 'अ' जुळतो, तेही पक्केच. श्रवणीं आणि मणि यांच्या जोडीत जुन्या छापात एकाच्या शेवटी दीर्घ ईकार आणि त्यावर अनुस्वार, दुसऱ्याला ऱ्हस्व. डोळ्याला ते जुळत नाहीत, कानाला जुळतात, आणि अभंग हा कानाचा आहे. म्हणून तिथे दोघांनाही ह. पण सगळीकडे इतके सोपे नसते. नामदेवांच्या त्या मापाच्या अभंगात, छापील गाथांत तो जसा मिळतो त्यात, पहिल्या कडव्याचे दोन चरण फक्त शेवटच्या 'त'वर जुळतात. त्याआधी एकीकडे 'अ' आहे आणि दुसरीकडे 'ई'. पुढच्याच कडव्यात मात्र यमक 'ंड'वर पक्के बसते. नियम सांगणाऱ्या अभंगातच एक कच्चे आणि एक पक्के यमक शेजारी बसले आहे. संतांच्या कानाला नुसते शेवटचे अक्षर पुरत होते, हे मानून चालले तरच त्या समासात अ ब ब क लिहिता येते. मोरोपंतांचे माप तिथे लावले तर गाथेतले कडव्यामागून कडवे मोडलेले दिसेल, आणि ते सगळे दिसणे खोटे असेल. मोजपट्टी कवितेच्या घरातलीच हवी.

कच्च्या यमकाला मी अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देते. अक्षर तेच, पण टिंबाने कळते की इथे कान थोडा पुढे झुकावा लागला. अशी टिंबे एखाद्या कवीच्या पानांवर विखुरलेली असली तर ती त्याची रीत. पानेच्या पाने कोरी जाऊन एकाच कडव्यावर टिंब पडले तर तिथे मी परत जाते. कधी तिथे पाठभेद निघतो, एखाद्या पोथीत दुसराच शब्द असतो आणि तो पक्का जुळतो. कधी बोलीतला उच्चार असतो, जिथे 'ळ' आणि 'ल' एकच होतात किंवा 'ण'चा 'न'. आणि कधी काहीच निघत नाही. त्या ठिकाणी कवीने जुळणारा शब्द दूर सारून खरा शब्द ठेवला, असे मला वाटते, आणि ती जागा मी जपून ठेवते.

तुकोबांच्या त्या ध्यानाच्या अभंगात यमक कुठेही सुटत नाही. तरीही तिथे काहीतरी हलते, हे मला जाणवत होते. अक्षरांच्या रांगेशेजारी मग मी चरणांची अक्षरसंख्याही लिहिली. पहिले कडवे: ६, ६, ६, ४. अगदी मापात. शेवटचे कडवे, तुकोबांच्या नावाचे: ६, ६, ६, ४. तेही मापात. दुसरे कडवे: ७, ६, ७, ४. तिसरे: ६, ७, ७, ४. मधल्या दोन कडव्यांत मिळून चार चरण एकेका अक्षराने भरून वाहतात. आणि मधल्या कडव्यांत आहे काय? गळ्यातली तुळशीची माळ, पीतांबर, कुंडले, कौस्तुभ. पहिल्या कडव्यात नुसती मूर्ती उभी आहे, शेवटच्यात नुसता पाहणारा. साज चढतो तो मधे, आणि साज चढतो तिथेच चरण एका अक्षराने जड होतो. तुकोबांनी हे मोजून केले असे मी म्हणणार नाही. अभंगात एखादे अक्षर इकडेतिकडे होणे रोजचेच आहे, आणि हे शब्द पाठांतराने, हातांनी, पोथ्यांनी आपल्यापर्यंत आले आहेत. पण जिथे ते वाढले ती जागा मला आंधळी वाटत नाही.

आमच्या भागातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या बुवांना मी हे विचारले. कागदावर लिहिलेली संख्या त्यांनी पाहिली, आणि मग मांडीवर बोटांनी ठेका धरून दुसरे कडवे स्वतःशी म्हणून पाहिले.

"बाई, सात असली तरी टाळाला सहाच हो," ते म्हणाले. "हार म्हणताना आम्ही 'र' लांबवत नाही. तो आत घेतो. तुळशी म्हणतानाच पुढची तयारी."

"आणि चौथा चरण?"

"तो चारचाच. तिथे जागा मोकळी असते ना. टाळ तिथे बोलतात."

मला हे पूर्वी सुचले नव्हते. चौथा चरण आखूड आहे, कारण उरलेली दोन अक्षरे टाळांची आहेत. पहिल्या तीन चरणांत एखादे अक्षर वाढले, कमी झाले, कच्चे जुळले, तर गळा ते सांभाळून घेतो. चौथ्यात मात्र सोळा चरणांच्या त्या अभंगात कुठेही बदल नाही: चारही कडव्यांत चारच. जो चरण कुणाशी जुळत नाही तोच सगळ्यांत नेमका आहे. यमकाच्या बाबतीत त्याला मोकळे सोडले, मापाच्या बाबतीत घट्ट धरले. समासात मी इतके दिवस त्याला क, फ, ज अशी वेगवेगळी अक्षरे देऊन एकाकी ठरवत होते, आणि आकड्यांच्या रांगेत पाहिले तर सगळे चौथे चरण एकमेकांशी जुळत होते. आवाजाने नाही, लांबीने. अक्षरांची रांग ही नोंद करूच शकत नाही. तिला फक्त शेवटचा आवाज ऐकू येतो. म्हणून आता मी दोन्ही रांगा शेजारी शेजारी लिहिते, आणि बुवा म्हणाले त्या मोकळ्या जागेसाठी चारच्या आकड्यापुढे दोन आडव्या रेघा.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या समासात बसलेली नाही. गाथेत त्या अभंगाच्या दुसऱ्या कडव्यापुढे 'ध्रु.' असे छापलेले असते. ध्रुपद म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परत येणारे कडवे. तसे म्हटले तर रांग पुरती बदलते. अ ब ब क, मग ड इ इ फ. त्यानंतर ग ह ह ज, आणि पुन्हा ड इ इ फ. त्यानंतर शेवटचे कडवे, आणि पुन्हा ड इ इ फ. फ हे अक्षर छापील पानावर एकदाच येते, गाताना ते परत परत येते. आता ते एकटे म्हणायचे का? ते जुळते, पण दुसऱ्या कुणाशी नाही, स्वतःशीच. आणि ज्या चार अक्षरांना मी फ म्हटले आहे त्यांचा अर्थ काय, तर तेच ते रूप. जे रूप आवडते ते तेच राहो, असे म्हणणारा चरण प्रत्येक फेरीत जसाच्या तसा परत येतो. गाथेने ध्रुपद म्हणून हेच कडवे निवडले, यात मला फार मोठी जाण दिसते.

इंग्रजीत अशा परत येणाऱ्या ओळीला मोठ्या लिपीतले अक्षर देतात. यमक नुसते जुळले तर लहान, ओळच परत आली तर मोठे. देवनागरीत मोठे अक्षर नाही. मी फ भोवती गोल काढून पाहिला, खाली दोनदा रेघ ओढून पाहिली. त्यातच एक अडचण अशी की आज हा अभंग ऐकायला मिळतो तो बहुतेक वेळा ध्रुपद बदलून. गायक पहिल्याच कडव्याकडे परत येतात, ध्यानाकडे आणि विटेकडे. मग परत येणारे एकटे अक्षर फ राहत नाही, ते क होते, आणि त्याचा अर्थही हातांच्या ठेवणीशी जाऊन मिळतो. एकाच अभंगाच्या दोन रांगा झाल्या, एक गाथेची आणि एक गळ्याची. बुवांच्या मंडळात कोणते ध्रुपद धरतात, ते विचारायचे राहिले आहे. गुरुवारी त्यांचे भजन असते, आणि कागद मी दोन्ही बाजूंनी कोरा घेतला आहे.